भोक कुठे आहे?

(फोंड्यात परिचारिका आणि निवासी डॉक्टरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

पत्रिकेत विषय छापलाय, ‘सीओपीडीच्या रुग्णाला बायपॅप लावताना प्रेशर कसं ठरवावं’. ठरवू. पण त्याआधी मला एका भोकाबद्दल बोलायचंय. संयोजकांना मी सांगून ठेवलंय, वेळ संपत आली की चिठ्ठी पाठवा, घंटा वाजवू नका. घंटा वाजली की मला मॉनिटर ओरडल्यासारखं वाटतं आणि मी धावत सुटतो.

गोष्ट जुनी आहे. रुग्णालय कुठलं ते विचारू नका, त्यात माझीही चूक आहे. चतुर्थीचे दिवस. सत्तरी तालुक्यातले एक भजनीबुवा, वय ६६. आयुष्यभर विडी ओढली आणि आयुष्यभर पेटी वाजवली. आठ दिवस खोकला होता, पण घरोघरच्या आरत्या कशा सोडणार? नवव्या रात्री अॅम्ब्युलन्समधून आले ते बसूनच, मांडीवर हात टेकून, ओठ चंबूसारखे करून. श्वास मिनिटाला ३४. तोंडावर ऑक्सिजनचा साधा मास्क, ८ लिटरवर. सॅच्युरेशन ९८. ते पाहून घरचे म्हणाले, ‘अठ्ठ्याण्णव म्हणजे चांगलंच ना?’

आपल्या खोलीतल्या मंडळींना पुढचं ठाऊक आहे. पीएच ७.२४, कार्बन डायऑक्साइड ७८. अशा माणसाचं सॅच्युरेशन ८८ ते ९२ मध्ये ठेवायचं असतं. त्याला ९८ वर नेलं की कार्बन डायऑक्साइड चढतो. तर तरुण डॉक्टरनं बरोबर केलं. व्हेंचुरी मास्क लावून ऑक्सिजन उतरवला, साल्ब्युटामॉल आणि इप्राट्रोपियमचं नेब्युलायझर दिलं, स्टेरॉइड दिलं. पाऊण तासानं पीएच ७.२७, कार्बन डायऑक्साइड ७३. थोडं बरं, पण पुरेसं नाही. औषधं देऊनही पीएच ७.३५ च्या खाली, कार्बन डायऑक्साइड ४५ च्या वर आणि श्वास जलद, म्हणजे बायपॅपची वेळ झाली. यंत्र लावलं. आयपॅप १२, ईपॅप ४.

मी घरी जेवत होतो. फोन आला. मी विचारलं, ‘लीक किती?’ सिस्टर म्हणाल्या, ‘दोन लिटर, सर.’ मी म्हणालो, ‘वा, झकास बसलाय मास्क,’ आणि फोन ठेवला.

इथे मी थांबतो, कारण त्या ‘वा’वर मला आजही लाज वाटते.

तासाभरानं एबीजी आला. पीएच ७.२२, कार्बन डायऑक्साइड ८२. बुवा पेंगुळलेले आणि अधूनमधून हातानं मास्क ओढतायत. एरवी अस्खलित मराठी बोलणारे बुवा घाबरले की कोंकणीत शिरतात: ‘दोतोर, हें काडात.’ सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला, आजोबा सहकार्य करत नाहीत. कुणीतरी आयपॅप १६ केला. कुणी हात बांधायचा विचार केला. नळी घालायची तयारी सुरू झाली. मला पुन्हा फोन, आणि या वेळी मी निघालो.

मी जाऊन फार हुशारी केली नाही. मास्कच्या पुढे जिथे नळी जोडतात तिथे एक वळण असतं, आपण त्याला कोपर म्हणतो. त्या कोपरापाशी हात धरला. हाताला वाराच लागेना. कोपर निळी होती.

ज्यांना लगेच कळलं त्यांनी शेजाऱ्याला सांगू नका. दोन प्रकारचे मास्क असतात. एकाला मुद्दाम भोकं पाडलेली असतात, कोपरापाशी किंवा चौकटीवर. ते एका नळीच्या बायपॅप यंत्रासाठी. त्या यंत्राला श्वास बाहेर नेणारी वेगळी नळी नसते, म्हणून रुग्णानं सोडलेली हवा त्या भोकांतून खोलीत जायची असते. दुसरा मास्क बिनभोकांचा, तो आयसीयूच्या दोन नळ्यांच्या व्हेंटिलेटरसाठी. तिथे परतीची नळी वेगळी असते. बिनभोकांच्या मास्कची कोपर बहुतेक कंपन्या निळी करतात, ती सुंदर दिसावी म्हणून नव्हे. आता बिनभोकांचा मास्क एका नळीच्या यंत्राला लावला, आणि नळीतही भोकाचा जोड बसवलेला नसला, तर सोडलेला श्वास जाणार कुठे? नळीतच. पुढच्या श्वासाला तोच परत आत. बुवा तासभर स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड प्यायले, आणि आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो.

आणि लीक दोन! साधारण १०-१२ प्रेशरला भोकांच्या मास्कमधून मिनिटाला वीसेक ते तीस लिटर हवा जायलाच हवी. आमचं यंत्र सगळी गळती एकत्र दाखवणारं होतं. म्हणजे त्याचा ‘दोन’ हा आकडा शाबासकीचा नव्हता, ओरडून सांगत होता की भोक नाही. काही यंत्रं मात्र मुद्दाम ठेवलेली गळती वजा करून उरलेलीच दाखवतात. तिथे दोन म्हणजे खरंच छान. आपलं यंत्र कुठला आकडा दाखवतं ते उद्या ड्युटीवर गेल्यावर पाहा. हे रात्री दोन वाजता शिकायचं नसतं.

मास्क बदलला. लगेच लीक पासष्टच्या पुढे! कारण बुवांची कवळी. दाखल करताना ती काढून, कागदात गुंडाळून, उशीखाली. कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कच्या बाजूनं हवा डोळ्यांत शिरते. रुग्ण शुद्धीवर असेल, उलटी होत नसेल, तर बायपॅपवर घट्ट बसणारी कवळी तोंडात ठेवायची. बुवांना कवळी दिली. मिशी दाट होती, पण तिला हात लावायची हिंमत कुणातच नव्हती. मोठा मास्क काढून लहान मापाचा घेतला. दोन मापांत शंका असेल तेव्हा लहान घ्या: नाकाच्या हाडापासून खालच्या ओठाच्या खालपर्यंत, तोंड किंचित उघडं ठेवून मोजायचं. आणि पट्टे आवळले नाहीत. आधी यंत्र कमी प्रेशरवर सुरू करून मास्क हातानंच चेहऱ्याला धरला. पाच मिनिटं बुवांनीच धरला. माणसाच्या हातात मास्क दिला की त्याला कळतं, हा काढता येतो. मग तो काढत नाही. त्यानंतर पट्टे, खाली दोन बोटं जातील इतकेच. जास्त आवळलं की मास्कची गादी दुमडते आणि गळती वाढते, शिवाय नाकावर जखम. नाकाच्या हाडावर जाड चिकटपट्टी जखम होण्याच्या आधी लावायची असते, सिस्टरमंडळींना हे मी काय सांगणार.

सिस्टरांवरून आठवलं. २००० साली लॅन्सेटमध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या १४ रुग्णालयांत, आयसीयूत नव्हे तर साध्या वॉर्डांत, २३६ रुग्ण. नेहमीच्या उपचारावर मृत्यू २० टक्के, बायपॅपसह १० टक्के. आणि यंत्र चालवत होत्या वॉर्डातल्या परिचारिका. हा आकडा मी निवासी डॉक्टरांना नेहमी मोठ्यानं वाचून दाखवतो.

चिठ्ठी आली. सात मिनिटं! बरं, प्रेशर.

ईपॅप ४ किंवा ५ वर सुरू करा. त्याच्या खाली शक्यतो नको, कारण श्वास सोडताना भोकांतून हवा बाहेर ढकलणारं तेवढंच असतं. आयपॅप १२ ते १५ वर सुरू करा, पीएच फार खाली असेल तर आणखी वरून. आणि तिथे अडकू नका. आमच्याकडे आयपॅप १२ वर लावून रात्रभर १२ वरच ठेवायची फार वाईट सवय आहे. कार्बन डायऑक्साइड धुऊन काढतो तो आयपॅप आणि ईपॅप यांच्यातला फरक. दर पाच-दहा मिनिटांनी २-२ नं वाढवत २०, गरज लागली तर २५-३० पर्यंत, रुग्ण सोसेल तसं. छाती वर येते का, गळ्याचे स्नायू सैल पडतात का, ते पाहा. बुवांचा ईपॅप ५ ठेवून आयपॅप अर्ध्या तासात २० वर आणला. रेट १६, ऑक्सिजन ८८ ते ९२ पुरता.

मग एक गंमत दिसली. मी बुवांच्या पोटावर हात ठेवला. पोट मिनिटाला २८ वेळा उचललं जात होतं, यंत्र श्वास देत होतं १९. नऊ हाका यंत्राला ऐकूच गेल्या नव्हत्या. सीओपीडीत श्वास पूर्ण बाहेर पडत नाही, आत दाब अडकून राहतो. पेटीचा भाता पूर्ण खाली आला नाही तर पुढचा हात वाया जातो, तसंच. तो अडकलेला दाब फोडल्याशिवाय रुग्णाची हाक यंत्रापर्यंत पोचत नाही. ईपॅप ५ चा ७ केला, बाहेरूनच तेवढा आधार दिला, आणि हाका पोचू लागल्या. पण ईपॅप दोननं वाढवला तर आयपॅपही दोननं वाढवायला विसरू नका, नाहीतर फरक कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड पुन्हा चढतो. आयपॅप २२ केला. श्वास आत घेण्याचा वेळ एक सेकंदाच्या आसपास, सोडायला भरपूर वेळ. गळती फार असेल तर उलटं होतं: यंत्राला वाटतं रुग्ण अजून ओढतोच आहे, आणि ते हवा देतच राहतं.

तासानं एबीजी: पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साइड ६९. चार तासांनी ७.३३ आणि ६२. श्वास २२. सकाळी बुवांनी पहिला प्रश्न विचारला, ‘पेटी कुणी उचलून ठेवली?’ आता मराठीत.

एक मिनिट उरलंय. तब्येत सुधारत नसेल तर आधी हवेच्या वाटेवर बोट फिरवत जा: भोक आहे का, ते कफानं किंवा चादरीनं बुजलंय का, गळती कुठून होतेय, ऑक्सिजन जास्त तर नाही, पोट आणि यंत्र यांचे आकडे जुळतात का. मगच प्रेशरला हात लावा. अचानक बिघडलं, एका बाजूची छाती हलेनाशी झाली तर स्टेथोस्कोप लावा आणि एक्स-रे काढा. दाबाखाली फुप्फुस फुटून हवा छातीत शिरलेली असू शकते. आणि सगळं नीट करूनही तास-दोन तासांत पीएच ७.२५ च्या खालीच राहिलं, किंवा रुग्ण हाकेला उत्तर देईना, तर बायपॅपवर ताणत बसू नका. नळी घालायची की नाही हे घरच्यांशी आधीच बोललेलं असलं पाहिजे, मास्क लावतानाच.

प्रश्न चहापाशी. जाताना हे दोन मास्क हातोहात फिरवा. मी दोघांच्याही कोपरांवर काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, रंग दिसणार नाही. यंत्र या टेबलावर आहे. नळी जोडा आणि हात धरून सांगा कुठला कोणता.