हिरडीवरची पुळी आणि काळा दात: फोटोत जो दोषी दिसतो तोच दोषी असतो का?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली इतक्या जणांनी एकच प्रश्न टाकलाय की शेवटी म्हटलं बसूया आणि बोलून टाकूया. प्रश्न असा की, मॅडम, हिरडीवर पुळी आलीये, दात काळा पडलाय, फोटो पाठवतो, बघून सांगा काय आहे.

एका ताईंनी पाठवलेला फोटो त्यांना विचारून स्क्रीनवर लावतेय. वरचा ओठ बोटाने उचललाय, वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांपैकी डावा राखाडी झालाय, आणि बरोब्बर त्याच्या वरती हिरडीवर टाचणीच्या डोक्यापेक्षा जराशी मोठी लालसर पुळी आहे, मधे पिवळा ठिपका. आजूबाजूची हिरडी किंचित फुगलेली. दुखत काहीच नाही.

बेसिक पटकन उरकते. दातावर मार बसला किंवा कीड आतपर्यंत गेली की आतली नस मरते, मुळाच्या टोकाशी जंतू जमतात, पू होतो, तो हाडातून वाट काढत हिरडीवर येतो. ती वाट म्हणजे सायनस ट्रॅक्ट. नाकाच्या सायनसशी याचा संबंध नाही, दर वेळी कुणीतरी विचारतंच. आणि पू बाहेर पडत राहतो, दाब साचत नाही, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं नव्हे, गटाराला झाकण नाही एवढाच त्याचा अर्थ. राखाडी रंग येतो तो मार लागल्यावर नसेतलं रक्त दाताच्या बारीक नळ्यांमधे झिरपतं त्यामुळे. झालं बेसिक.

आता खरी गोष्ट. हा फोटो मी स्टोरीला टाकून विचारलं होतं, कुठला दात खराब आहे? जवळपास सगळ्यांनी उत्तर दिलं, राखाडी. एकाने तर लिहिलं, मॅडम हे काय विचारणं झालं, दिसतंय की. हो दादा, दिसतंय, आणि चुकलंय.

या ताई शाळेत असताना तोंडावर पडल्या होत्या. राखाडी दाताचं रूट कॅनल तेव्हाच झालं होतं. एक्स-रेमधे ते नीट भरलेलं दिसत होतं आणि मुळाभोवतीचं हाड पण ठीक होतं. रंग जुना, भानगड नवी. दोषी निघाला त्याच्या शेजारचा छोटा दात. पांढराशुभ्र, कुठे टवकासुद्धा उडालेला नाही. पडल्या तेव्हा मार त्यालाही बसला होता, पण तो वर्षानुवर्षं गप्प बसून हळूहळू मेला आणि रंगही बदलला नाही. प्रत्येक मेलेला दात काळा पडतो असं नाही. आणि उलटं पण, रंग बदललेला प्रत्येक दात मेलेलाच असतो असं नाही, मार लागल्यावर काही दात आतून कॅल्शियम भरून पिवळट होतात आणि मजेत जगतात.

मग पुळी राखाडी दातावर का आली? घरात भिंतीवर ओल येते तेव्हा पाइप बरोब्बर त्याच जागी फुटलेला असतो का? पाणी वाट मिळेल तसं सरकतं आणि जिथे प्लास्टर कच्चं तिथे दिसतं. पुवाचं तसंच, हाड जिथे पातळ तिथून तो बाहेर येतो. पुळी हे दार आहे, घर शेजारी असू शकतं.

हे शोधायचं कसं, तर त्यासाठी एक फार साधी युक्ती आहे. रूट कॅनल भरायला जी गट्टापर्चाची गुलाबी-नारिंगी, लवचिक, उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक काडी वापरतात ना, ती पुळीच्या तोंडातून हळूच आत सरकवायची, जोर लावायचा नाही, अडली की थांबायचं, आणि तशीच ठेवून एक्स-रे काढायचा. काडी एक्स-रेत पांढरी दिसते. या ताईंच्या एक्स-रेत ती राखाडी दाताच्या वरून शिरली आणि तिरकी वळून शेजारच्या छोट्या दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबली, जिथे हाडात गोल काळा डाग होता. अंधारात बोट दाखवल्यासारखं. (घरी टूथपिक घालून बघू नका हां, मी तुम्हाला ओळखते.)

आणि नुसत्या काडीवर पण भागत नाही, थंडीची टेस्ट करायची. कापसाच्या बोळ्यावर गार स्प्रे मारून दाताला लावायचा. आधी चांगल्या दाताला, म्हणजे पेशंटला कळतं की लागणं म्हणजे काय. ताईंच्या सुळ्याला झिणझिण्या आल्या. राखाडी दाताला काहीच नाही, ते अपेक्षितच, नस काढलेली आहे. मधल्या पांढऱ्या दाताला पण काहीच नाही! तिथे त्या स्वतःच दचकल्या. मग हिरडी आणि दाताच्या मधे मोजपट्टीची बारीक सळई घालून बघितली, खोल खिसा कुठे नव्हता, म्हणजे हा हिरडीच्या आजारातला फोड पण नाही.

मी एवढी यावर का अडून बसलेय, तर नवीन असताना मी स्वतः काळ्या दातावर ड्रिल टेकवणार होते. एका सीनिअरनी मागून विचारलं, काडी घातलीस का? नव्हती घातली. चुकीचा दात उघडला असता आणि पुळी तिथेच बसून हसली असती. त्या दिवसापासून काडी पहिली.

बरं, अँटिबायोटिकबद्दल. ताईंनी दोनदा कोर्स केला होता, दोन्ही वेळा पुळी बसली आणि महिन्या-दीड महिन्यात परत आली. येणारच. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, मग रक्तातून जाणारं औषध आत पोचणार कसं? बाहेरची सूज ओसरते, आतलं कोठार भरलेलंच. तेच सुईने पुळी फोडणाऱ्यांचं, दार उघडलंत, घर तसंच. मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, बरं वाटतं, पण त्याने मूळ साफ होत नाही.

फक्त एक गोष्ट, यात थांबायचं नाही: ताप, गाल किंवा डोळ्याखाली पसरणारी सूज, जबड्याखाली कडक सूज, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडकतोय. तेव्हा फोटो पाठवत बसू नका, मला पण नाही, सरळ इमर्जन्सीला जा.

आणि फोटोचं सांगू का, ओठ उचलून चार-पाच फोटो काढेपर्यंत दात सुकतात आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो, वर फ्लॅशची चमक. रंगाचा भरवसा त्यातच गेला. मूळ तर फोटोत येतच नाही.

तर त्या पांढऱ्या दाताचं रूट कॅनल केलं. पुळीला वेगळं काहीच केलं नाही, कापलं नाही, शिवलं नाही, दोन आठवड्यांत ती आपोआप मिटली. हाडातला डाग मात्र भरायला वेळ घेतो, सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढून बघायचं, कधी त्याहून जास्त काळ लागतो.

परवा ताईंचा मेसेज आला, पुळी गेली मॅडम, पण काळा दात काळाच आहे की! आता त्याला आतून ब्लीच करायचंय, त्याचा व्हिडिओ त्या हो म्हणाल्या तर टाकते.