पाटी कुठे लावायची, एवढंच ठरवा

जुन्या बाजारपेठेसाठी पाट्यांचे नियम करताना सगळ्यांचा पहिला विचार असतो रंगाचा. सगळ्या पाट्या एकाच रंगाच्या, एकाच अक्षरात! असं केलं की रस्ता नीटनेटका दिसतो खरा, पण कुठलं दुकान कशाचं हेच लांबून कळेनासं होतं. माझं म्हणणं असं, की पाटीची जागा, आकार आणि उजेड यांवर बंधन घाला. अक्षर, रंग, चित्र दुकानदारावर सोडा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग शहरात गेट्राइडेगासे या जुन्या बाजाररस्त्यावर घडीव लोखंडी पाट्या लोंबतात. धातू आणि लोंबण्याची तऱ्हा समान, आकृती ज्याची त्याची. रस्ता एकसंध दिसतो, तरी एक पाटी दुसरीसारखी नाही.

जागा इमारतच सांगते. समजा, गाळा चार मीटर रुंद आहे. दारावरची तुळई पावणेतीन मीटरवर संपते आणि वरच्या सज्जाचे आधार सव्वातीन मीटरवर सुरू होतात. मधली पन्नास सेंटिमीटरची पट्टी ही पाटीची जागा. त्यात चाळीस सेंटिमीटर उंचीची पाटी बसवा आणि दोन्ही कडांना तीस-तीस सेंटिमीटर सोडा, म्हणजे खांब उघडे राहतील. पाटीवर वीस सेंटिमीटरचं अक्षर, वर-खाली मात्रा-उकारांना जागा. एवढं पुरतं का? दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर उंची, असा ढोबळ हिशोब धरला तर हे अक्षर चोवीस मीटरवरून आरामात वाचता येतं. रस्ता सहा मीटरचा असेल, तर समोरून वाचायला पाच सेंटिमीटरही चालतील!

मग पाट्या वाढतात कशाला? रस्त्याने चालणाऱ्याला भिंतीला समांतर पाटी तिरकी दिसते, वाचता येत नाही. म्हणून दुकानदार ती मोठी करतो आणि वरच्या खिडक्या झाकल्या जातात. यावर उपाय म्हणजे भिंतीला काटकोनात एक छोटी लोंबती पाटी. तिची खालची कड जमिनीपासून किमान अडीच मीटरवर हवी. ही सवलत न देता नुसती मोठ्या पाट्यांवर बंदी घातली, तर ती टिकत नाही.

आतून पेटणाऱ्या प्लास्टिकच्या पेट्या मात्र नकोत. रात्री उजेडाचे चौकोन तेवढे दिसतात, इमारत काळोखात जाते. पाटीवर वरून दिवा सोडला की भिंतही उजळते. खिळे-स्क्रू दगडात न मारता चिऱ्यांमधल्या दरजेत मारा, आणि ते न गंजणारे असू द्या. पाटी निघाल्यावर दरज बुजवता येते, फुटलेला चिरा सांधत नाही.

नियम जमले का, हे रस्त्याच्या टोकाला उभं राहून डोळे किलकिले करून बघा. सज्जांची ओळ सलग दिसली, तर जमले.

आणि अंमल सुट्या दुकानापासून सुरू करू नका. जो आधी पाटी लहान करतो तो शेजाऱ्याच्या मोठ्या पाटीमागे लपतो, आणि महिन्याभरात परत फ्लेक्स लावतो. दोन गल्ल्यांमधली सगळी रांग एकाच आठवड्यात बदला.