शो त्यांनी रद्द केला, मग फी आपण का सोडायची?

मंडळी, थेट हिशेबालाच हात घालू. समजा, तुम्ही शनिवारच्या शोची चार तिकिटं मोबाइलवर काढली. तिकीट तीनशे रुपयांचं, म्हणजे 1200 रुपये. त्यावर कन्व्हिनियन्स फी माणशी 35, म्हणजे 140. फीवर 18 टक्के जीएसटी, 25 रुपये 20 पैसे. खात्यातून एकूण 1365 रुपये 20 पैसे गेले. शनिवारी दुपारी मेसेज येतो, ‘तांत्रिक कारणामुळे शो रद्द’. आठवड्याभरात 1200 रुपये परत येतात आणि 165 रुपये 20 पैसे येत नाहीत. विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘सुविधा शुल्क नॉन-रिफंडेबल आहे, आमच्या अटींत लिहिलंय.’

सगळ्याच कंपन्या असं करतात असं नाही. शो थिएटरने रद्द केला तर काही जण फीसकट पूर्ण रक्कम देतात. म्हणून आधी अटी वाचा. तुम्ही तिकीट रद्द केलंत तर काय आणि त्यांनी शो रद्द केला तर काय, हे दोन नियम वेगवेगळे असतात. कस्टमर केअरवरचा माणूस बऱ्याचदा पहिला नियम दुसऱ्या प्रसंगाला लावून मोकळा होतो. अटींत वेगळा नियम असेल तर त्याला तो दाखवा, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

आता समोरच्याची बाजू पाहू, कारण ती अगदीच पोकळ नाही. ॲपवाला म्हणतो, ‘तिकीट थिएटरचं. मी फक्त घरबसल्या जागा राखून दिली, ते काम झालं, त्याची फी घेतली. तुम्ही रिक्षाने थिएटरला गेलात आणि शो रद्द निघाला, तर रिक्षावाल्याकडून भाडं परत मागता का?’ मुंबई उच्च न्यायालयाचा जुलै 2025 चा निकालही तो पुढे करतो. राज्य सरकारने 2013 आणि 2014 मध्ये आदेश काढून ऑनलाइन तिकिटांवर असं शुल्क घ्यायला थिएटरांना मनाई केली होती. न्यायालयाने ते आदेश रद्द केले. व्यवसायाचं स्वातंत्र्य घटनेने दिलं आहे आणि खिडकीवर जाऊन तिकीट काढायचं की ऑनलाइन, हे प्रेक्षक ठरवू शकतो, असा त्याचा आशय होता. म्हणजे फी घेणंच बेकायदा आहे, असं आता महाराष्ट्रात म्हणता येत नाही. तो मुद्दा सोडून द्या, त्यात वेळ घालवू नका.

पण फी घेता येते का, हा एक प्रश्न आणि शो झालाच नाही तरी ती ठेवून घेता येते का, हा दुसरा. त्या निकालात पहिल्याचं उत्तर आहे. आपलं भांडण दुसऱ्याचं आहे, आणि तिथे रिक्षाचा दाखला लंगडा पडतो. रिक्षावाल्याचा थिएटरशी काही संबंध नसतो. ॲप मात्र थिएटरशी करार करून त्याचीच तिकिटं विकतं, पैसे घेतं, रद्द झाल्याचं कळवतं, रिफंडही करतं. मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या तर आपल्या हिशेबात कन्व्हिनियन्स फीचं उत्पन्न वेगळं दाखवतात. ज्या फीतून दोघांनाही मिळकत आहे, ती ‘आमच्याकडे येतच नाही’ असं म्हणून दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवायचं, हे चालू द्यायचं नाही.

समजा, ॲपचं म्हणणं शंभर टक्के मान्य केलं. त्याचं काम झालं, ठीक. तरी 165 रुपयांचं नुकसान तुम्हाला सोसावं लागलं ते थिएटरने शब्द मोडला म्हणून. भारतीय करार कायद्याचं कलम 73 सांगतं की करार मोडल्यामुळे जे नुकसान स्वाभाविकपणे होतं, त्याची भरपाई मोडणाऱ्याने करायची. ऑनलाइन तिकीट घेणाऱ्याला फी भरावी लागते हे थिएटरला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तक्रार लिहिताना दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, ॲप आणि थिएटर, कार्यक्रम असेल तर ॲप आणि आयोजक. फी कोणी परत द्यायची हे त्यांनी आपसांत ठरवावं, तुम्ही ओढाताणीत अडकायचं कारण नाही. माझ्या मते या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. एकट्या ॲपविरुद्ध गेलं की बोट थिएटरकडे जातं आणि थिएटर समोर नसतं.

‘शो रद्द झाला तर फी परत द्या’ असं सरळ वाक्य कायद्यात नाही, हेही सांगून ठेवतो. आपल्याला ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधल्या ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ या दोन गोष्टींवर उभं राहावं लागतं. ‘ही अटच अन्यायकारक आहे, ती रद्दबातल ठरवा’ असं मागायला गेलात तर प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. म्हणून मागणी साधी ठेवा: फी, त्यावरचा जीएसटी, आणि झालेल्या त्रासाची वाजवी भरपाई. जीएसटी विसरू नका. लोक 140 मागतात आणि 25 रुपये सोडून देतात.

कागद कोणते? तिकिटाचा ईमेल, ज्यात तिकीट, फी आणि कर वेगवेगळे दिसतात. शो रद्द झाल्याचा मेसेज, विशेषतः तो कोणी रद्द केला हे सांगणारी ओळ. आणि बँकेच्या स्टेटमेंटमधली रिफंडची नोंद, तारखेसह. याचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढा, ॲपमधली जुनी बुकिंग नंतर शोधताना नाकी नऊ येतात.

मग ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा, प्रत थिएटरला. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क ॲपने जाहीर करावाच लागतो. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. चॅटवर भांडत बसण्यापेक्षा हा एक ईमेल बरा, कारण पुढे तोच पुरावा होतो. उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. हेल्पलाइनला आदेश काढायचा अधिकार नाही, ती कंपनीकडे पाठपुरावा करते. पण एवढ्या छोट्या रकमेसाठी कंपन्यांना प्रकरण वाढवायचं नसतं, त्यामुळे पुष्कळदा तेवढंच पुरतं.

नाहीच पुरलं तर जिल्हा ग्राहक आयोग. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार e-jagriti.gov.in वर दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. शो मुंबईतला आणि तुम्ही साताऱ्याला राहता, तर तक्रार साताऱ्यात करता येते. अटींत ‘फक्त मुंबईची न्यायालयं’ किंवा ‘लवाद’ लिहिलेलं असलं तरी घाबरू नका, ग्राहक आयोगाचा दरवाजा त्याने बंद होत नाही. मात्र निकालाला वेळ लागतो. कायद्याने तीन महिने म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त जातात. 165 रुपयांसाठी इतक्या फेऱ्या कोण मारणार, हा प्रश्न खरा आहे.

म्हणून शेवटी एका वाटेकडे लक्ष वेधतो, जी फार कमी लोक वापरतात. एका शोची दोनशे तिकिटं ऑनलाइन गेली असतील, तर माणशी 41 रुपये 30 पैशांप्रमाणे 8260 रुपये अडकतात, एकाच शोचे. हे एकट्याचं नुकसान नाही, ग्राहकांच्या समूहाचं आहे. अशा समूहाच्या तक्रारीसाठी कायद्याचं कलम 17 आहे. त्याखाली साध्या लेखी अर्जाने किंवा ईमेलने जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा थेट केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार देता येते. कोरोनाकाळात रद्द झालेल्या विमान तिकिटांचे पैसे अडकवून ठेवणाऱ्या बुकिंग कंपन्यांना याच प्राधिकरणाने परतफेडीला लावलं होतं. अर्जात शोची तारीख, वेळ, पडदा क्रमांक लिहा, फीची रक्कम दाखवणारं तिकीट जोडा, आणि मागणी अशी लिहा की त्या शोच्या सगळ्या प्रेक्षकांची फी करासह मूळ खात्यात परत करायला लावावी, ॲपच्या वॉलेटमध्ये नव्हे.