समलंब चौकोन कापताना सांधा कुठे बसतो?

(गणित शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित लेखी रूप)

मंडळी, समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाचं सूत्र तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. समांतर बाजूंची बेरीज, तिची निम्मी, गुणिले उंची. वर्गात ते पटवून देण्याची नेहमीची रीतही माहीत आहे: तसाच दुसरा समलंब चौकोन घ्यायचा, उलटा करून शेजारी लावायचा, समांतरभुज चौकोन तयार होतो, त्याचं क्षेत्रफळ काढून निम्मं करायचं. या रीतीत चूक काहीच नाही. पण आकृती एक असताना दोन कागद का घ्यायचे, हे मुलांना कळत नाही, आणि ती तसं विचारतातही. म्हणून आज आपण एकाच कागदावर काम करू. एकच काप द्यायचा, तुकडा फिरवायचा, आणि क्षेत्रफळ वाचायचं.

फळ्यावर समलंब चौकोन अबकड काढला आहे. खालची बाजू अब 10 सेंटीमीटर, वरची बाजू डक 4 सेंटीमीटर, उंची 6. मुद्दाम तिरका काढलाय. ड हा बिंदू अ पासून 1 सेंटीमीटर उजवीकडे सरकलेला आहे, त्यामुळे डावी बाजू जवळजवळ उभी आणि उजवी बाजू चांगलीच कललेली दिसते. असा बेढब का घेतला ते पुढे येईल.

आता डाव्या बाजूचा मध्यबिंदू न, उजव्या बाजूचा मध्यबिंदू म. न आणि म जोडा आणि त्या रेषेवर कात्री चालवा. खालचा तुकडा टेबलावर तसाच राहू द्या. वरचा तुकडा म पाशी बोटाने दाबून धरा आणि टेबलावरच अर्धा वळसा फिरवा, म्हणजे 180 अंश. उचलायचा नाही, पलटायचा नाही, फक्त फिरवायचा. मक आणि मब सारख्या लांबीच्या, म्हणून क बरोबर ब वर येऊन बसतो. वरची 4 सेंटीमीटरची बाजू खाली येते आणि 10 सेंटीमीटरच्या बाजूला पुढे जोडली जाते. खालची कड झाली 14. वरची कड? नम ची लांबी 7, ती आता दोनदा येते, म्हणजे तीही 14. राहिल्या दोन टोकांच्या तिरक्या कडा. त्या दोन्ही डाव्या बाजूचेच अर्धे भाग आहेत, आणि अर्ध्या वळशाने रेषेची दिशा बदलत नाही, म्हणून त्या एकमेकींना समांतर. झाला समांतरभुज चौकोन: पाया 14, उंची 3. क्षेत्रफळ 42 चौरस सेंटीमीटर. सूत्रातला ‘निम्मे’ इथे उंचीच्या वाट्याला गेला, कारण आपण उंचीच्या मधोमध कापलं.

इथपर्यंत सगळे खूश असतात. माझं आजचं म्हणणं मात्र इथूनच सुरू होतं. ब पाशी 10 ची कड आणि 4 ची कड एका सरळ रेषेत आली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? डोळ्यांनी. आणि या बाबतीत डोळ्यांवर विसंबण्यात धोका आहे.

एक जुनं कोडं तुम्ही पाहिलं असेल. 8 बाय 8 चा चौरस घ्या. त्याची 3 रुंदीची एक पट्टी आणि 5 रुंदीची दुसरी पट्टी करा. पहिली पट्टी कर्णावर कापली की दोन काटकोन त्रिकोण मिळतात. दुसरी पट्टी तिरकी कापायची, अशी की दोन सारखे समलंब चौकोन मिळावेत, प्रत्येकाच्या समांतर बाजू 5 आणि 3, उंची 5. हे चार तुकडे वेगळ्या तऱ्हेने मांडले की 5 बाय 13 चा आयत दिसतो. चौरसाचं क्षेत्रफळ 64, आयताचं 65. एक चौरस सेंटीमीटर आला कुठून?

आपलं सूत्र लावून तुकडे मोजा. त्रिकोण 12 चा, असे दोन. समलंब चौकोन 5 आणि 3 ची बेरीज 8, निम्मे 4, गुणिले 5, म्हणजे 20 चा, असे दोन. एकूण 64. तुकड्यांत खोट नाही, खोट सांध्यात आहे. त्रिकोणाची तिरकी कड 8 पुढे जाताना 3 चढते. समलंब चौकोनाची तिरकी कड 5 पुढे जाताना 2 चढते. आयताच्या कर्णावर या दोन कडा एकापुढे एक येतात आणि एकच सरळ रेषा असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात त्यांच्या कलात सुमारे सव्वा अंशाचा फरक आहे. त्यामुळे कर्णाच्या बाजूने एक लांबट, चिंचोळी फट राहते. सेंटीमीटरच्या मापाने केलं तर ही फट कुठेही दीड मिलिमीटरपेक्षा रुंद नसते, आणि तिचं क्षेत्रफळ नेमकं 1. कात्रीने कापलेल्या कागदाच्या कडेत एवढी गफलत सहज खपून जाते.

तेव्हा ब पाशी परत या. तिथे दोन कोन शेजारी शेजारी आले आहेत. एक मुळातला ब चा कोन, दुसरा वरून फिरून आलेला क चा कोन. डक आणि अब समांतर आहेत, बक ही त्यांची छेदिका. छेदिकेच्या एकाच बाजूचे आंतरकोन पूरक असतात, म्हणजे त्यांची बेरीज 180 अंश. म्हणून तिथे कड सरळच जाते. बाजूंच्या समांतरपणाचा उपयोग नेमका या ठिकाणी होतो. म पाशीही एक सांधा आहे, तिथे वरची कड सरळ राहते, पण त्याला समांतरपणा लागत नाही. मन ही रेघ अर्धा वळसा फिरली की स्वतःच्याच विरुद्ध दिशेला पसरते, बस्स.

मुलांकडून हे करून घेताना समांतर बाजूंत एका अंशाची चूक झाली, तर 4 सेंटीमीटरच्या कडेच्या टोकाला फरक पडतो जेमतेम पाऊण मिलिमीटर. तो कोणालाच दिसणार नाही. म्हणून कागद जुळला म्हणजे सिद्ध झालं, असं वर्गात म्हणू नका. पट्टी लावून बघणं चांगलंच, पण कोनांची बेरीज फळ्यावर लिहिलीच पाहिजे.

दुसरी चूक याहून ठळक आहे. मुलं तुकडा फिरवण्याऐवजी पलटतात, धिरड्यासारखा. आपल्या बेढब आकृतीत ती लगेच पकडली जाते: वरच्या तुकड्याची डावी कड साधारण 3 सेंटीमीटर आणि उजवी 3.9. पलटून लावला तर 3 ची कड 3.9 च्या कडेला भिडते आणि जवळजवळ नऊ मिलिमीटरची पायरी उरते. समद्विभुज समलंब चौकोन घेतला असता तर दोन्ही कडा सारख्याच, पलटलं काय नि फिरवलं काय, तुकडा बसतोच. मूल चुकतं आणि उत्तर बरोबर येतं. पुस्तकातल्या बहुतेक आकृत्या समद्विभुज का असतात, हे मला कधी कळलेलं नाही.

समद्विभुज आकृतीला मात्र तिचा स्वतःचा एक फार जुना काप आहे. आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, महावेदी नावाची समलंब चौकोनी वेदी येते. समांतर बाजू 24 आणि 30, उंची 36. तिचं क्षेत्रफळ 972 सांगितलं आहे, आणि ते कसं आलं हेही सांगितलं आहे. एका बाजूच्या वरच्या टोकापासून पायापर्यंत सरळ कापायचं, म्हणजे 3 पायाचा आणि 36 उंचीचा काटकोन त्रिकोण सुटतो. तो उलटा करून दुसऱ्या बाजूला लावायचा. 27 बाय 36 चा आयत मिळतो, गुणाकार 972. सूत्र सांगून न थांबता कापून दाखवलं आहे, म्हणून मला हा भाग फार आवडतो. पण हा काप आपल्या आकृतीवर चालवून बघा. उजवीकडचा त्रिकोण 5 पायाचा, डावीकडे मोकळी जागा 1 पायाची. बसणार नाही.

मग तिरक्या आकृतीचा आयत करायचा असेल तर? न आणि म मधून पायावर लंब टाका. दोन्हीकडे एकेक छोटा काटकोन त्रिकोण सुटतो. प्रत्येकाला आपापल्या मध्यबिंदूभोवती अर्धा वळसा द्या, तो वरच्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसतो. 7 बाय 6 चा आयत, पुन्हा 42. या वेळी ‘निम्मे’ बेरजेच्या वाट्याला गेला.

छान दिसतो हा काप, पण सगळीकडे चालत नाही. वरची बाजू तेवढ्याच उंचीवर उजवीकडे ढकलत न्या, ड हा अ पासून 30 सेंटीमीटर दूर जाईपर्यंत. समांतर बाजू 10 आणि 4 च, उंची 6 च, क्षेत्रफळ 42 च. पण न आता अ पासून 15 सेंटीमीटर उजवीकडे आहे, आणि पाया तर 10 वरच संपला. न मधून टाकलेला लंब आकृतीच्या बाहेर पडतो. कापायला कागदच नाही.

पहिला काप इथेही बिनतक्रार चालतो. मधोमध आडवा काप, म भोवती अर्धा वळसा, आणि 14 पायाचा, 3 उंचीचा समांतरभुज चौकोन. पण तुमच्यातला एखादा चिकित्सक म्हणेल, की समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ तरी आपण कसं पटवतो? एका टोकाचा त्रिकोण कापून दुसऱ्या टोकाला लावतो. आणि हा चौकोन 15 ने कललेला आहे, पाया 14. म्हणजे लंब पुन्हा बाहेर, एका सेंटीमीटरने. बरोबर आहे. मग त्यालाही उंचीच्या मधोमध आडवा कापा. दोन चौकोन मिळतील, प्रत्येकी पाया 14, उंची दीड, कल फक्त साडेसात. आता लंब आत पडतो. दोघांचेही त्रिकोण कापून दुसऱ्या टोकांना लावा, 14 बाय दीडचे दोन आयत तयार होतील. ते एकावर एक ठेवले की 14 बाय 3.