ओठ आधी, आवाज नंतर

मंडळी, आज रंग, ट्रान्झिशन, इफेक्ट यांपैकी कशावरच मी बोलणार नाही. ते सगळं तुम्हाला येतं. मी बोलणार आहे तीस सेकंदांच्या एका रीलबद्दल आणि त्यात आवाज ओठांमागे का पडतो, याबद्दल. पार्टी पैसे देताना याच गोष्टीवर अडून बसते. 'काहीतरी गडबड वाटतेय' एवढंच त्यांना म्हणता येतं. काय बिघडलंय ते आपल्याला शोधावं लागतं.

उदाहरण घेऊ संध्याकाळच्या लॉनवरच्या लग्नाचं. मोठा कॅमेरा मागे ट्रायपॉडवर, स्टेजपासून साधारण 28 मीटरवर, लांब लेन्स लावून, 25 फ्रेमवर चालू आहे. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेऊन एक छोटा रेकॉर्डर लावलाय. शिवाय नवरीच्या भावाने अगदी जवळून मोबाईलवर शूट केलंय. रीलमध्ये शेवटचं मंगलाष्टक, 'शुभमंगल सावधान', अक्षता, अंतरपाट खाली आणि हार एवढंच घ्यायचंय.

सॉफ्टवेअर म्हणून डाव्हिन्ची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घ्या. त्यात कॅमेऱ्याची क्लिप आणि रेकॉर्डरची फाइल एकत्र निवडून Auto Sync Audio मध्ये Waveform घेतलं, की ते दोन्ही आवाजांच्या लाटा जुळवून देतं. केडीएनलाइव्ह वापरणाऱ्यांकडे हेच काम Set Audio Reference आणि Align Audio to Reference करतात. इथपर्यंत सगळे पोहोचतात. पण सॉफ्टवेअरने नेमकं काय जुळवलं, इकडे लक्ष द्या. त्याने रेकॉर्डरचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकमधल्या आवाजाशी जुळवला, ओठांशी नव्हे. आणि कॅमेऱ्याच्या माइकला आवाज उशिराच ऐकू आला होता.

आपल्याकडच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. स्टेजवरच्या स्पीकरपासून 28 मीटर यायला त्याला 80 मिलीसेकंद लागतात. 25 फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम 40 मिलीसेकंदांची, म्हणजे दोन फ्रेम उशीर. मांडवात मागे बसलेल्या पाहुण्याला हे जाणवत नाही, कारण त्याला गुरुजी लांबच दिसतात. तुमच्या लेन्सने मात्र गुरुजींचा चेहरा पडदाभर आणून ठेवलाय. म्हणून सिंक झाल्यावर रेकॉर्डरचा आवाज हाताने दोन फ्रेम आधी सरकवायचा. यात एक पोटभेद आहे. कॅमेऱ्याशेजारीच साऊंडवाल्याने दुसरा स्पीकर लावला असेल, तर कॅमेऱ्याला त्याचाच आवाज आधी आणि मोठ्याने मिळतो. तिथे वायरमधून आवाज जवळजवळ लगेच पोहोचतो, मग सरकवायची गरज पडत नाही. म्हणून शूटिंगलाच स्पीकर कुठे आहेत ते बघून ठेवा.

आता तुम्ही म्हणाल, दोन फ्रेम कोणाला कळतात? बरोबर आहे. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत लक्षात येण्याची सीमा दिली आहे: आवाज मागे राहिला तर साधारण 125 मिलीसेकंदांपर्यंत माणसाला कळत नाही, पण पुढे गेला तर 45 मिलीसेकंदांतच कळतं. हे साहजिकच आहे. लांबून येणारा आवाज उशिरा येतो याची कानाला जन्मापासून सवय असते. आधी आलेला त्याने कधी ऐकलेलाच नसतो. त्यामुळे शंका असेल तर आवाज एक फ्रेम मागे ठेवा, पुढे नको.

अडचण अशी की या चुका एकमेकींत मिसळतात. कॅमेऱ्याचं घड्याळ आणि रेकॉर्डरचं घड्याळ कधीच तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. दहा लाखांत तीस एवढा फरक धरला, तर पन्नास मिनिटांत 90 मिलीसेकंद होतात. वरात आल्यापासून दोन्ही चालू ठेवलं आणि जुळवणी सुरुवातीच्या सनईवर केली, तर मुहूर्तापर्यंत 80 मध्ये हे 90 मिळू शकतात. झाले 170. आता पार्टीला दिसणारच. कधी हा फरक उलट्या बाजूचा असतो आणि दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टाकतात. मग एका लग्नात सगळं छान जमतं, दुसऱ्यात नाही, आणि आपण कॅमेऱ्याला शिव्या घालतो.

छोट्या क्लिपची सोय इथेच आहे. पूर्ण लग्न जुळवत बसू नका. आधी तीस सेकंद निवडा, दोन्ही फाइलींतून तेवढाच तुकडा कापा आणि त्याच जागी जुळवा. तीस सेकंदांत घड्याळांचा फरक एक मिलीसेकंदाच्या आसपास राहतो, म्हणजे काहीच नाही.

जुळलंय की नाही ते बघायला 'शुभमंगल' हा शब्द सोन्यासारखा आहे. 'भ' आणि 'म' म्हणताना ओठ पूर्ण मिटतात. बाणाच्या बटणाने एकेक फ्रेम पुढे जा. 'भ'साठी मिटलेले ओठ ज्या फ्रेमला उघडतात, तिथेच लाट उसळली पाहिजे. 'सावधान'वर तपासू नका, त्यात ओठ पूर्ण मिटतच नाहीत. आणि स्टेजवरच्या एलईडी स्क्रीनवरचे गुरुजी बघून तर अजिबात नको. स्क्रीनवरचं चित्र स्वतःच मागे चाललेलं असतं.

आता भावाचा मोबाईल. हे प्रकरण वेगळं आहे. अंधार पडला की बरेच फोन एकेका फ्रेमला जास्त उजेड घेऊ देतात आणि फ्रेमची संख्या आपोआप कमी-जास्त होते. फोनवर फाइल नीट चालते, कारण प्लेअर प्रत्येक फ्रेमची वेळ वाचतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र ठराविक वेगाच्या हिशेबाने फ्रेम मोजू लागलं की घोळ होतो. ओळखायचं असं: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तीन ठिकाणी फरक मोजा. तिन्हीकडे सारखा असेल तर अंतराचा दोष आहे, एकदाच सरकवा. हळूहळू एकसारखा वाढत असेल तर घड्याळाचा. मध्येच वाढला, मध्येच थांबला, तर मोबाईलचा. खात्री करायला मीडियाइन्फो या फुकट प्रोग्राममध्ये फाइल उघडा. Frame rate mode पुढे Variable दिसेल.

अशी फाइल सरळ टाइमलाइनवर घेऊ नका. आधी हँडब्रेकमधून काढा. Video टॅबमध्ये Framerate ला 25 द्या, खाली Constant Framerate निवडा, गुणवत्ता RF 18 च्या जवळ ठेवा. तीसचे पंचवीस करताना काही फ्रेम गळतात आणि चाल किंचित धक्के खाते. हार घालतानाच्या एक-दोन सेकंदांच्या शॉटला ते खपतं. वरातीत नाचणाऱ्यांवर कॅमेरा फिरवला असेल तर नाही. आणि भावाला सांगा, व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर येते ती पिळून काढलेली फाइल.

साडीच्या किंवा सराफाच्या दुकानाची रील करणाऱ्यांना यातलं बरंच टळतं. कॉलर माइक थेट फोनलाच जोडलेला असेल, तर आवाज आणि चित्र एकाच फाइलमध्ये येतात आणि जुळवाजुळव उरत नाही. फक्त वर सांगितलेली तीन ठिकाणांची तपासणी करा.

शेवटचा खड्डा मात्र सगळ्यांसाठी आहे, तो म्हणजे ब्लूटूथ हेडफोन. त्यात आवाज सहज 100 ते 200 मिलीसेकंद उशिरा येतो. व्हिडिओ ॲप बहुतेक वेळा तेवढं चित्र मागे धरून सांभाळून घेतात, पण टाइमलाइनवर काम करताना त्याची खात्री नसते. तुम्ही बरोबर जुळलेला आवाज 'मागे आहे' म्हणून चार फ्रेम आधी सरकवता, आणि पार्टीच्या फोनवर तो 160 मिलीसेकंद आधी वाजतो, म्हणजे कानाला सगळ्यात खटकणाऱ्या बाजूला. एडिट करताना वायरचे हेडफोन लावा. रेंडर झालेली रील फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर लावा, 'शुभमंगल'पाशी बघा आणि मगच पाठवा.