इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही? आधी गोळ्यांचा डबा उघडा

"रोज इसबगोल घेते, पाणी तांब्याने पिते, तरी पोट साफ होत नाही." समजा, असं सांगणाऱ्या काकू 56 वर्षांच्या आहेत आणि त्रास सहा महिन्यांचा आहे. मी त्यांना जेवणाबद्दल नंतर विचारेन. आधी गोळ्यांचा डबा बघेन. त्यात लोहाची गोळी आहे, कॅल्शियमची आहे. दोन्हींनी मल घट्ट होतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल, रक्तदाबावरचं व्हेरापामिल यांनीही तेच होतं. मात्र गोळ्या मनाने बंद करू नका. डॉक्टर प्रकार किंवा वेळ बदलून देतात.

आता इसबगोल. ते पाणी धरून ठेवतं, म्हणून मल मऊ राहतो. काकू अर्ध्या कपात कालवून, ते घट्ट झाल्यावर घेतात. एक चमचा पूर्ण ग्लासभर पाण्यात टाकायचा आणि लगेच प्यायचा. पोट फुगू नये म्हणून प्रमाण हळूहळू वाढवायचं. पण नुसतं जास्त पाणी पिऊन काय होतं? बहुतेक लघवीवाटे निघून जातं. फायदा होतो तो मुळात कमी पिणाऱ्यांना.

काहींना मात्र फायबर वाढवलं की गॅसच वाढतो. मल मऊ असूनही बराच वेळ कुंथावं लागत असेल, कधी बोट घालावं लागत असेल, तर कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळले जात असण्याची शक्यता आहे. अशांना चूर्ण बदलून उपयोग नाही. त्या स्नायूंना शिकवावं लागतं. त्याला बायोफीडबॅक म्हणतात.

काकूंना हा त्रास नाही. इसबगोल नीट घेऊनही दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर पुढची निवड बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर. तीही आतड्यात पाणी धरते. रोजचा नेहमीचा डोस 17 ग्रॅम. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्याच सकाळी "लागू पडलं नाही" म्हणू नका. लॅक्ट्युलोजचं काम तसंच, पण गॅस जास्त. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मूत्रपिंडाचा आजार असेल तर नको.

बिसाकोडिल आणि सोनामुखी आतड्याला ढकलतात. रात्री घेतलं की सकाळी परिणाम. पावडरनेही दोन-तीन दिवस शौचाला झालीच नाही, तर तेव्हा यांचा आधार. घरोघरच्या कित्येक चूर्णांत हीच सोनामुखी असते, त्यामुळे चूर्ण आणि गोळी एकत्र घेतली तर डोस दुप्पट! मोजून घेतल्यास आतडं कायमचं आळशी होतं ही भीती अवास्तव आहे. डोस सतत वाढवावा लागत असेल, तर मात्र तपासणी हवी.

आणि काकूंची लोहाची गोळी सुरू का झाली होती? हिमोग्लोबिन कमी होतं म्हणून. पाळी थांबलेल्या बाईत ते का कमी झालं, हे शोधायलाच हवं. बद्धकोष्ठासोबत रक्तक्षय, मलातून रक्त किंवा वजनात घट असेल, तर पावडर बदलत बसण्याआधी कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासण्याबद्दल, डॉक्टरांशी बोला.