गुडघ्याचं कार्ड आणि कंडक्टरची वही

श्रोते हो, नमस्कार.

गुडघ्याचं किंवा खुब्याचं सांधेरोपण झालं की घरी जाताना दवाखान्यातून एक कार्ड मिळतं. कोणता सांधा बसवला, कधी बसवला, काय सांभाळायचं आणि परत कधी यायचं, हे त्यावर असतं. कार्ड असतं एवढंसं आणि देतात एका भल्यामोठ्या पिशवीत घालून. पिशवीवर दवाखान्याचं नाव झळकत असतं. पुढे त्या पिशवीतून वर्षभर भाजी येते आणि कार्ड कुठे गेलं ते कुणालाच ठाऊक नसतं. या पिशव्यांवरचा खर्च कमी करून कार्डं जरा जाड कागदाची काढावीत असं मला फार वाटतं, पण ते असो.

कार्डावरचा सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे त्यावर चिकटवलेली स्टिकरं. गुडघ्यात साधारण तीन भाग बसवतात. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नळीच्या हाडावर धातूची बैठक आणि दोन्हींच्या मध्ये प्लॅस्टिकची गादी. कधी वाटीच्या मागेही एक चकती लावतात. प्रत्येक भागाच्या खोक्यात स्टिकरं असतात. एक केसपेपरवर लागतं, एक तुमच्या कार्डावर. त्यावर दोन नंबर बघा. REF म्हणजे वस्तू कोणती आणि कोणत्या मापाची. LOT म्हणजे ती कारखान्यातल्या कोणत्या खेपेतली. पुन्हा सांगतो, REF म्हणजे वस्तू आणि माप, LOT म्हणजे खेप.

आता आजींची गोष्ट. माझ्या विद्यार्थ्यांना ती पाठ झाली आहे, तुम्हीही ऐका.

इस्लामपूरकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या. दोन्ही गुडघे बदललेले, उजव्याला 13 वर्षं झालेली. म्हणाल्या, "डाक्टर, चालताना गुडघा बाहेर झुकतोय आणि कटकट वाजतोय." एक्स-रे काढला. प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, त्याच्या जागी नुसती फट दिसते. डाव्या गुडघ्यात फट सारखी होती. उजव्यात आतल्या बाजूला टोपी जवळजवळ बैठकीला टेकलेली. म्हणजे गादी झिजली होती. वर-खालचा धातू मात्र हाडाला घट्ट आणि सरळ बसलेला होता. गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं, जंतू नव्हते.

अशा वेळी नुसती गादी बदलून भागू शकतं. नाहीतर जुना सगळा सांधा उपटून नवा बसवायचा, आणि त्यात थोडं हाडही जातं. सत्तरी ओलांडलेल्या बाईला यातलं कोणतं सोसेल, ते सांगायला नको. पण गादी म्हणजे कुकरची रिंग. कंपनी तीच, मॉडेल तेच, माप तेच लागतं. रिंग आणायला आपण झाकण घेऊन दुकानात जातो. आजींचा गुडघा घेऊन कुठे जाणार?

मी कार्ड मागितलं. मुलगा म्हणाला, "घर बदलताना गेलं. कंपनी फॉरेनची होती एवढं आठवतंय." जिथे ऑपरेशन झालं तो दवाखाना बंद पडलेला. सुरू असता तरी काय? दाखल झालेल्या रुग्णाचे कागद डॉक्टरांनी 3 वर्षं जपावेत असा नियम आहे. गुडघा त्याच्या कितीतरी पुढे टिकतो. एक्स-रेतल्या आकारावरून कंपनीचा अंदाज बांधता येतो, पण अंदाजावर गादी मागवून गुडघा उघडायची माझी छाती नाही.

मग आजीच म्हणाल्या, "ह्यांच्या वहीत बघ रे."

आजोबा एसटीत कंडक्टर होते. हयात असेपर्यंत रोजचा खर्च लिहायचे. दोन दिवसांनी मुलगा वही घेऊन आला. लांबट, पुठ्ठ्याची, पाठीला चिकटपट्टी. डिसेंबर 2008 चं पान उघडलं. रिक्षा 40, चहा 12, शहाळी 30, आणि त्याखाली ओळीने तीन स्टिकरं! कार्डावर लावून उरलेली कचऱ्यात चालली होती, ती आजोबांनी सिस्टरकडून मागून घेतली होती. ज्या माणसाने जन्मभर तिकिटांच्या नंबरांचा हिशेब दिला, त्याला नंबर टाकवेना.

त्याच्यापुढची पानं उलटली तर आणखी तीन स्टिकरं, डाव्या गुडघ्याची. दोन्हीकडच्या गाद्यांची जाडी वेगळी, एक 10 मिलिमीटर, एक 12. टोपीच्या स्टिकरवर डावं-उजवं छापलेलं असतं. या गादीच्या स्टिकरवर नव्हतं, कारण ती गादी दोन्ही बाजूंना चालणारी होती. पण प्रत्येक संचाशेजारी बॉलपेनने लिहिलेलं होतं: "उजवा", "डावा". उजव्याच्या गादीवरचा LOT नंबर उंदराने कुरतडला होता, REF शाबूत होता. गादी मागवायला तेवढा पुरला. मॉडेल अजून निघत होतं हे नशीब, कारण जुनी मॉडेलं कंपन्या बंदही करतात. नऊ दिवसांनी तीन जाडीच्या गाद्या आल्या. पाय उघडून ताण बघूनच नेमकी जाडी ठरवतात. बसली 12 ची.

काढलेली गादी आजींना दाखवली. आतल्या बाजूला झिजून पापुद्रा झालेली, पिवळट. त्या म्हणाल्या, "माझ्या चपलेची टाचबी अशीच जाते."

गोष्टीत वेळ गेला, हे दर वेळी होतं. तर LOT नंबर कशाला लागतो? 2010 मध्ये एका मोठ्या कंपनीने खुब्याचं धातूवर धातू घासणारं एक मॉडेल जगभरातून परत मागवलं. भारतातही ते बसवलेलं होतं, आणि त्यातल्या कित्येक रुग्णांचा पत्ताच लागेना. कधी अख्खं मॉडेल परत मागवतात, कधी फक्त एखादी खेप. तुमचा सांधा त्यातला आहे का, हे कार्डावरून दोन मिनिटांत कळतं. कार्ड हरवलं असेल तर बिल शोधा. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने गुडघ्याच्या किमती बांधल्या, तेव्हापासून बिलात इम्प्लांटची कंपनी आणि बॅच वेगळी लिहायला सांगितलं आहे.

आता तपासणीच्या तारखा. टाके काढायला साधारण दोन आठवड्यांनी, मग दीड महिन्याने, तीन महिन्यांनी, वर्षाने. इथवर सगळे येतात. त्यानंतर दर एक-दोन वर्षांनी एक्स-रे असतो, तिथे लोक गळतात, "दुखत नाही तर कशाला?" म्हणून. अहो, झिजलेल्या प्लॅस्टिकचे बारीक कण हाड पोखरतात ते न दुखताच. सांधा हाडाला चिकटवणारं सिमेंट आणि हाड यांच्यामध्ये एक काळी रेघ रुंदावत जाते, ती जुना एक्स-रे शेजारी धरल्याशिवाय कळत नाही. म्हणून ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे कार्डासोबतच ठेवा. पहिला एक्स-रे, कार्डासोबत.

जपण्याच्या सूचना सर्जनप्रमाणे थोड्या बदलतात, तुमच्या कार्डावर असेल ते धरा. खुबा मागच्या बाजूने बदलला असेल तर निदान सुरुवातीला मांडी घालणं, उकिडवं बसणं, खालून वाकून उचलणं नको, सांधा निखळू शकतो. पंगत खुर्चीवर आली याची मला एरवी हळहळ वाटते, पण खुबेवाल्यांची सोय झाली. दात काढायचा असेल तर दाताच्या डॉक्टरांना आधी कार्ड दाखवा. प्रत्येकाला अँटिबायोटिक लागतंच असं नाही, ते त्यांना ठरवू द्या. बदललेला सांधा अचानक सुजला, गरम लागला, ताप आला, तर घरी गोळी घेऊन बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि विमानतळावर यंत्र वाजलं की कार्ड दाखवलं तरी तपासणी चुकत नाही, तिथे हुज्जत घालू नका.

आजींना नव्या गादीचं कार्ड दिलं, तर म्हणाल्या, कार्ड राहू दे पोराकडे, मला एक जास्तीचं स्टिकर द्या. वहीत 2008 च्या त्याच पानावर शहाळ्यांच्या शेजारी थोडी जागा होती, तिथे त्यांनी ते लावलं आणि मला तारीख घालायला सांगितली.

नमस्कार.